प्राथमिकच्या मुलांसाठी रस्ता सुरक्षेचा पाठ: चिन्हं, जमिनीवरचं क्रॉसिंग आणि छोटी नाटुकली (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दरवर्षी जानेवारीत रस्ता सुरक्षेचे कार्यक्रम सुरू झाले की शिक्षकांच्या ग्रुपवर तेच तेच प्रश्न फिरायला लागतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतेय. डोळ्यासमोर आपली नेहमीची जिल्हा परिषदेची शाळा आहे. तिसरी-चौथीची २८ मुलं, गेटसमोरून डांबरी रस्ता, काही मुलं चालत येतात, काही एसटीने, काही बाबांच्या गाडीवर. शहरातल्या शाळांनाही बहुतेक सगळं लागू पडेल, जिथे फरक आहे तिथे सांगितलंय.

एवढ्याशा पाठात नेमकं काय शिकवायचं? विषय तर केवढा मोठा आहे.

एकच गोष्ट. रस्त्याच्या कडेला थांबायचं, दोन्हीकडे खरोखर बघायचं, आणि रिकामा असेल तरच सरळ चालत पलीकडे जायचं. बाकी सगळं, म्हणजे चिन्हं, पट्टे, नाटुकली, हे त्या एका गोष्टीसाठी. आपण काय करतो की सिग्नलचे तीन रंग, हेल्मेट, सीटबेल्ट, वेगमर्यादा, सगळं एकाच तासात कोंबतो आणि मुलं घोषणा पाठ करून मोकळी होतात, पण संध्याकाळी तीच मुलं उभ्या टेम्पोमागून पळत रस्त्यावर येतात. रस्ता ओलांडणं ही अंगवळणी पडायची गोष्ट आहे, ती पायाने करूनच येते, म्हणून दोन तासिकांपैकी एक पूर्ण तासिका मुलं उभी आणि चालत असली पाहिजेत.

दोन तासिका कशा वाटायच्या?

पहिली तासिका वर्गात: दहा-बारा मिनिटं चिन्हं, मग उरलेल्या वेळात 'आपण रस्ता कुठे ओलांडतो' यावर गप्पा. प्रत्येकाने आपला घर ते शाळा रस्ता वहीत काढायचा आणि जिथे ओलांडतो तिथे लाल ठिपका द्यायचा. हे नकाशे नीट बघा हं, कारण २८ वह्यांत बहुतेक ठिपके दोन-तीन जागांवरच येतात आणि दुसऱ्या दिवशीचा सराव त्याच जागांचा घ्यायचा असतो. दुसरी तासिका पट्ट्यांवर आणि नाटुकल्यांची. सलग दोन तासिका मिळाल्या तरी मध्ये एक रात्र जाऊ दिलेली बरी, मुलं घरी जाताना रस्त्याकडे बघत जातात आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच सांगतात की मॅडम तिथे वळणावर काहीच दिसत नाही.

चिन्हं किती घ्यायची आणि कुठली?

पाच-सहा, बस. आधी आकार शिकवा, चित्र नंतर. लाल काठाचा गोल म्हणजे हुकूम, तो मोडायचा नाही. लाल काठाचा त्रिकोण म्हणजे सावध, पुढे काहीतरी आहे. निळा चौकोन म्हणजे माहिती. एवढी चावी हातात आली की कधी न बघितलेलं चिन्हसुद्धा मूल अर्धं ओळखतं. अपवाद फक्त एकच सांगा, 'थांबा' चा लाल अष्टकोन, कारण तो मुद्दाम वेगळा केलाय म्हणजे लांबून किंवा मागच्या बाजूने बघितला तरी आकारावरून कळतो.

माझी निवड अशी: थांबा, प्रवेश बंद, पुढे शाळा आहे, पादचारी क्रॉसिंग, गतिरोधक, आणि दवाखाना. तुमच्या गावात ज्याची पाटी खरोखर आहे ते चिन्ह आधी घ्या. आणि एक गोष्ट मुलांना स्पष्ट सांगायलाच हवी, की 'पुढे शाळा आहे' ही पाटी ड्रायव्हरसाठी लावलेली असते, ती बघून तो हळू येईलच असं नाही. पाटी आहे म्हणून आपण बिनधास्त, असा अर्थ मुलं सहज काढतात.

पाट्या बनवायला वह्यांच्या खोक्यांचा पुठ्ठा, साधारण एक फुटाचा आकार, त्यावर रंगीत कागद आणि मागे काठी. लाल काठ जाड ठेवा, तीन बोटं तरी, नाहीतर वर्गाच्या मागच्या भिंतीवरून त्रिकोण आणि गोल सारखेच दिसतात.

झेब्रा क्रॉसिंग जमिनीवर कसं आखायचं? मापं काय?

खऱ्या रस्त्यावर पांढरा पट्टा ५० सेंटिमीटर रुंद असतो आणि दोन पट्ट्यांत तेवढीच मोकळी जागा. दोन लेनचा रस्ता साधारण ७ मीटरचा, एकेरी लेनचा ३.७५ मीटरचा. मैदान असेल तर ७ मीटर रुंदच आखा, सात पट्टे बसतात. पट्ट्याची लांबी खऱ्या रस्त्यावर २ ते ४ मीटर असते, आपल्याला २ मीटर पुरे. वर्गात आखायचं असेल तर ३.७५ चा छोटा रस्ता घ्या, चार पट्टे आणि मधल्या तीन फटी मिळून साडेतीन मीटर होतात, दोन्ही कडांना साधारण अर्धी वीत जागा उरते. पट्ट्यांच्या अलीकडे साधारण एक मीटरवर गाड्यांसाठी थांबरेषा आखा, प्रत्येक बाजूच्या गाड्यांना त्यांच्या त्यांच्या अर्ध्या रस्त्यात.

खूप ठिकाणी पट्टे उलटे आखलेले दिसतात. पट्टा गाड्या जातात त्या दिशेने लांब असतो आणि मूल एकेक पट्टा ओलांडत पलीकडे जातं. म्हणजे मुलाच्या पायाखाली पांढरा-काळा-पांढरा-काळा असं यायला हवं. एकाच पांढऱ्या पट्ट्यावरून सरळ चालत पलीकडे पोचता येत असेल तर ते आखणं चुकलंय, पुसा आणि परत आखा, कारण मुलं चित्र म्हणून तेच लक्षात ठेवतात.

आखायला वापरायचं काय?

शहाबादी फरशीवर किंवा कोब्यावर खडू पाण्यात बुडवून काढा, ओला खडू वाळला की पांढराशुभ्र उठतो आणि पायाने लगेच पुसत नाही. मास्किंग टेप चांगली, फक्त पट्ट्याची चौकट तेवढी लावायची, आतला भाग भरायचा नाही. एका पट्ट्याच्या चौकटीला ५ मीटर टेप लागते, चार पट्ट्यांना २० मीटर, रोलवर किती मीटर आहे ते बघून घ्या. मातीच्या मैदानावर कबड्डीला मारतो तशी फक्की चालते, पण मुलं यायच्या आधी आखून ठेवा आणि कोणाला हातात देऊ नका, चुना डोळ्यात गेला तर वाईट भाजतो. गुळगुळीत फरशीवर रांगोळी आणि कागदाच्या पट्ट्या दोन्ही नकोत, पाय घसरतो.

एवढी खरी रुंदी कशाला? छोटंसं आखलं तर नाही का चालणार?

चालेल, पण मग मुलांना वेळ कळत नाही, आणि सगळा खेळ वेळेचाच आहे. ७ मीटरचा रस्ता मुलांना त्यांच्या नेहमीच्या चालीने ओलांडायला लावा आणि मोबाईलवर वेळ लावा. लहान मूल सेकंदाला साधारण एक मीटर चालतं, म्हणजे ७ सेकंद. आता ताशी ४० च्या वेगाने येणारी मोटारसायकल सेकंदाला ११ मीटर जाते, ७ सेकंदात ७७ मीटर. मैदानावर टेप धरून ७७ मीटरवर एका मुलाला उभं करा, मैदान पुरत नसेल तर शाळेच्या कंपाउंडच्या आतून भिंतीला धरून मोजा. तिथे उभा असलेला मित्र एवढासा दिसतो, आणि मग सांगायचं की एवढ्या लांबची गाडी तू पलीकडे पोचेपर्यंत इथे आलेली असते. वर्गात एकदम शांतता होते तेव्हा. हे गणित फळ्यावर करून दाखवलं तर चौथीच्या मुलांना समजतं, पण मैदानावर बघितलं तर दुसरीच्या मुलालाही समजतं.

यातून निघणारा नियम साधा: 'गाडी लांब आहे, जाऊ शकतो' असा अंदाज मुलांनी करायचाच नाही. साधारण नऊ-दहा वर्षांपर्यंत मुलांना येणाऱ्या गाडीचा वेग नीट ओळखता येत नाही, गाडी किती लांब आहे तेवढंच ती बघतात. म्हणून गाडी दिसतेय ना, मग ती जाऊ द्यायची.

'उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे' मुलं घोळ घालतात, काय करू?

दोन कारणं असतात. एक म्हणजे आपण मुलांकडे तोंड करून शिकवतो, मग आपली उजवी ती त्यांची डावी होते. मुलांकडे पाठ करा, त्यांच्याच बाजूला, त्याच दिशेने तोंड करून उभं राहा. दुसरं म्हणजे कारण सांगितलेलं नसतं. आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात, त्यामुळे कडेला उभं राहिलं की आपल्या जवळच्या बाजूने जी गाडी येणार ती उजवीकडून येणार, तिचा धोका आधी, म्हणून उजवी आधी आणि निघताना पुन्हा उजवीच. अर्धा रस्ता पार झाला की धोका डावीकडून, म्हणून चालता चालता मान डावीकडे. हे मुलांना एकदा पटलं की पाठांतराची गरज राहत नाही. वन-वे रस्त्यावरसुद्धा दोन्हीकडे बघायचं, उलट्या बाजूने येणाऱ्या गाड्या आपल्याकडे सगळ्यांनी बघितल्यात.

मुलं मान फिरवतात पण बघतच नाहीत, हे कसं ओळखायचं?

हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे आणि याचं उत्तर आकड्यांच्या कार्डांत आहे. रस्त्याच्या दोन्ही टोकांना एकेक मूल उभं करा, त्यांच्या हातात १ ते ९ आकड्यांची मोठी कार्डं. ओलांडणारा कडेला येऊन थांबला की दोघांनी मनाला येईल ते एकेक कार्ड वर धरायचं. ओलांडणाऱ्याने आधी उजवीकडचा, मग डावीकडचा आकडा मोठ्याने सांगायचा आणि पुन्हा उजवीकडे बघायचं, तोपर्यंत उजवीकडच्याने कार्ड बदललेलं असतं. बदललेला आकडा सांगितला तरच पाऊल टाकायचं.

पहिल्या फेरीत गंमत बघा, मान अगदी फटाफट फिरते, पण तिसरा आकडा विचारला की पहिलाच सांगतात, म्हणजे तिसऱ्यांदा बघितलंच नव्हतं. कोणाला ओरडू नका, फक्त परत कडेला पाठवा. तिसऱ्या फेरीपर्यंत मानेचा वेग आपोआप कमी होतो, डोळे टोकाला जाऊन थांबायला लागतात. तेच आपल्याला हवंय. सातच्या चार गटांत मुलं वाटली तर एक गट ओलांडतो, एक कार्डं धरतो आणि गाड्या होतो, उरलेले दोन गट बघून सांगतात की कोण थांबलं, कोण धावलं. अशाने एका तासिकेत प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन वेळा तरी ओलांडणं येतं.

नाटुकली कुठली घ्यायची?

दोनच पुरेत, एक-दीड मिनिटाच्या. पहिली एसटीची. दोन बाकं एकापुढे एक ठेवा आणि त्यावरून जुनी चादर अशी सोडा की मुलाच्या डोळ्यांच्या वरपर्यंत येईल, ही झाली रस्त्याच्या डाव्या कडेला थांबलेली एसटी. मूल उतरतं, घर पलीकडे आहे. आता त्याला चादरीच्या पुढच्या टोकाला उभं करून उजवीकडे बघायला सांगा, काय दिसतं? चादर. एसटीला ओव्हरटेक करून येणारी गाडी दिसतच नाही. मग मागच्या टोकाला न्या आणि डावीकडे बघायला सांगा, परत चादर, समोरून येणारी गाडी तिच्यामागे लपलीय. म्हणजे पुढूनही नाही आणि मागूनही नाही. कंडक्टर झालेला मुलगा डबल बेल देतो, दोघं चादर उचलून एसटी पुढे नेतात, बाकं बाजूला होतात, आणि मोकळा रस्ता दिसतो. मग थांबणं, बघणं, ओलांडणं. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की 'एसटी गेल्याशिवाय ओलांडायचं नाही' हे सांगत बसावं लागत नाही. तोच चादरीचा प्रयोग उभ्या टेम्पोला, उसाच्या ट्रॉलीला, पाण्याच्या टँकरला लागू आहे.

दुसरी आजीची. पलीकडे आजी उभी आहे, हातात खाऊची पिशवी.

आजी: सोनू, ये गं लवकर, गरम भजी आणलीयेत!
सोनू (कडेला थांबून, हात वर करून): आजी, तिथेच थांब, मी बघून येते!
(कार्डवाले आकडे दाखवतात, सोनू बघते. एक गाडी येतेय.)
सोनू: गाडी जाऊ दे आधी.
(गाडी जाते, सोनू पुन्हा पहिल्यापासून बघते, आणि चालत पलीकडे येते.)

इथे शिकवण सोनूला तर आहेच, पण गॅदरिंगला किंवा पालकसभेला दाखवलं तर खरं पोचतं ते आजीला. पलीकडून मुलाला हाक मारणं, हा आपल्या सगळ्यांच्या घरातला प्रकार आहे. हाक आली की मुलाचं लक्ष फक्त हाकेकडे जातं, रस्ता मधून गायब होतो. पालकांनी आपण ओलांडून मुलाकडे यायचं, मुलाला बोलवायचं नाही.

अपघाताचं नाटक केलं तर मुलांच्या जास्त लक्षात राहील ना?

नको. मुलं पडण्याचा अभिनय मन लावून करतात, बाकीची हसतात, आणि लक्षात पडणंच राहतं. शिवाय वर्गात एखाद्याच्या घरी खरोखर असं काही घडलेलं असतं, आपल्याला माहीत असतंच असं नाही. चुकीचं करून दाखवायचं झालंच तर ते शिक्षकाने करायचं आणि मुलांनी 'थांबा!' म्हणून अडवायचं. मुलांच्या पायांनी फक्त बरोबर तेच करायचं.

गाडी झालेल्या मुलांसाठी नियम: धावायचं नाही, भरभर चालायचं, पुठ्ठ्याचं स्टिअरिंग दोन्ही हातांत, थांबरेषेच्या पुढे पाऊल नाही. एका वेळी जास्तीत जास्त दोन गाड्या.

आमच्या गावात झेब्रा क्रॉसिंगच नाही, मग उपयोग काय?

म्हणून तर ठिपक्यांचे नकाशे करून घ्यायचे. पट्टे पुसून टाका आणि तोच सराव नुसत्या दोन कडांच्या रेषांवर परत घ्या. जागा निवडायला शिकवा: दोन्ही बाजूंना लांबपर्यंत दिसतं अशी, वळणापासून आणि चढाच्या माथ्यापासून दूर, उभ्या गाड्यांच्या मधून नाही. थोडं चालत जावं लागलं तरी चालेल. आणि जिथे फूटपाथ नाही तिथे रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील असं, एकामागे एक चालायचं.

शहरातल्या शिक्षकांसाठी: पट्टे असले तरी गाड्या थांबतातच असं समजू नका, मुलांनाही तसं सांगू नका. हात दाखवायला शिकवा, पण हात दाखवला म्हणून निघायचं नाही, गाडी खरोखर थांबली की निघायचं, आणि एक गाडी थांबली तरी तिच्या पलीकडून दुसरी येते का ते बघायचं. मुलांचा पक्का समज असतो की मला ड्रायव्हर दिसतोय म्हणजे त्याला मी दिसतोय. चादरीमागे बसून एका बारीक फटीतून बाहेर बघायला लावा, आणि बाहेरच्या मुलांना विचारा तो दिसतोय का, लगेच पटतं.

मुलांना खऱ्या रस्त्यावर न्यायचं का?

न्यायला हवं, पण मुख्याध्यापकांची आणि पालकांची लेखी परवानगी घेऊन, सकाळच्या कमी गर्दीच्या वेळी, एका मोठ्या माणसामागे चार-पाचच मुलं. पहिल्या फेरीत ओलांडायचं नाही, कडेपासून दोन पावलं मागे उभं राहून फक्त 'आत्ता निघायचं की नाही' ते सांगायचं. ओलांडताना मोठ्याचा हात. पहिली-दुसरीला या पाठानंतरही एकटं ओलांडायची मुभा नाही, त्यांना फक्त 'कडेला थांब आणि हात धर' एवढंच शिकवा. तिसरी-चौथीचीही जबाबदारी मोठ्यांचीच, वर्दळीच्या रस्त्यावर तर नक्कीच.

पावसाळ्यात काही वेगळं?

हो, रेनकोटची टोपी. ती डोक्यावर असली की मान फिरते पण टोपी जागेवरच राहते आणि मुलाला टोपीची आतली बाजू दिसते. जूनमध्ये एकदा आकड्यांचा खेळ रेनकोट घालून खेळा, मुलं स्वतःच म्हणतात काहीच दिसत नाही. कडेला थांबल्यावर टोपी मागे सारायची, बघायचं, ओलांडायचं. छत्री असेल तर सरळ वर धरायची, तोंडासमोर नाही.

पालकांना काय कळवायचं?

ग्रुपवर तीनच ओळी टाका, लांबलचक मेसेज कोणी वाचत नाही. गाडी शाळेच्या बाजूलाच थांबवा, पलीकडे सोडून मुलाला एकट्याला ओलांडायला लावू नका. मुलाला गाडीवरून डाव्या बाजूने उतरवा. आणि मुलाला हेल्मेट घाला, ४ वर्षांपुढच्या मुलाला दुचाकीवर हेल्मेट मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे सक्तीचं आहे, 'जवळच तर जायचंय' ही सवलत कायद्यात नाही.

मूल्यमापन कसं करायचं? चाचणी घ्यायची का?

लेखी चाचणीत सगळ्यांना पैकीच्या पैकी पडतात, त्यावरून काही कळत नाही. मुलांना न सांगता पाठानंतर दोनेक आठवड्यांनी शाळा सुटताना गेटवर उभं राहा आणि यादीसमोर चारच खुणा करा: कडेला थांबलं का, दोन्हीकडे बघितलं का, चालत गेलं का, सरळ गेलं का. थांबणं बहुतेकांना जमलेलं असतं, घसरतं ते मित्रांच्या घोळक्यात, पुढचा निघाला की मागचे न बघता त्याच्यामागे जातात. तसं दिसलं तर पट्टे परत आखा आणि या वेळी तिघातिघांना एकत्र ओलांडायला लावा, पण आकडे मात्र प्रत्येकाने वेगवेगळे, एकमेकांच्या कानात न सांगता, येऊन शिक्षकाला सांगायचे.